ठिणगी पडली साडेबाराला, धूर दिसला पावणेदोनला

वरुड-मोर्शीच्या संत्रापट्ट्यात गावोगावी एक-दोन तरी वर्कशॉप सापडतात. टिनाचं शेड, पुढे शटर, आत वेल्डिंग मशीन, ग्राइंडर, एखादं जुनं लेथ. ट्रॉलीचा हूक तुटला, फवारणीच्या टाकीची फ्रेम वाकली, वखराची पास झिजली, की माणूस तिथेच जातो. याच शेडमध्ये बऱ्याचदा आणखी एक गोष्ट ठेवलेली असते, संत्र्याची पुठ्ठ्याची खोकी. मृगाचा बहार निघून गेला की उरलेले गठ्ठे आंबियापर्यंत कुठेतरी ठेवावे लागतात. पावसाने ओली होऊ नयेत आणि उंदरांनी कुरतडू नयेत म्हणून कोरडी, बंद जागा शोधली जाते, आणि अशी जागा म्हणजे भावाचं नाहीतर पुतण्याचं वर्कशॉप.

मी बरीच वर्षं आयटीआयमध्ये वेल्डिंग शिकवलं. गेल्या मे महिन्यात माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या वर्कशॉपमध्ये अशाच गठ्ठ्यांना आग लागली. माणसं वाचली, शेडही बरंचसं वाचलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने मला बोलावलं. त्याचं पहिलं वाक्य होतं, "सर, म्या सोता पाह्यलं होतं. काम झाल्यावर तिथं काईच नव्हतं." तो खोटं बोलत नव्हता. काम संपलं तेव्हा तिथे खरोखरच काही दिसत नव्हतं. असं का होतं, हेच या लेखात नीट समजून घ्यायचं आहे.

आधी त्या दिवशी काय झालं ते सांगतो. शेड २० फूट रुंद आणि ४० फूट लांब. मागच्या भिंतीवर दहा फूट उंचीला एक्झॉस्ट फॅन बसवायचा होता, त्यासाठी अँगलचे चार ब्रॅकेट वेल्ड करायचे होते. खोक्यांचे सपाट घडी केलेले गठ्ठे बाजूच्या टिनाच्या भिंतीला लागून पाच फूट उंच रचलेले होते. वेल्डिंगच्या जागेपासून अंतर तेरा-चौदा फूट. "लांब हाय" म्हणून ते हलवले नाहीत, पण काळजी म्हणून त्यांच्यावर निळी ताडपत्री टाकली. बारा वाजून दहा मिनिटांनी मोठा कारागीर शिडीवर चढला. पावणेएकच्या सुमारास दोन ब्रॅकेट लागले, होल्डर खाली आला. मदतीच्या पोराने चहूकडे नजर फिरवली. ना धूर, ना वास. एक वाजता शटर ओढून सगळे जेवायला गेले. पावणेदोनला शेजारच्या घरातल्या काकूंना टिनाच्या फटीतून धूर येताना दिसला.

म्हणजे वेल्डिंग थांबल्यापासून जवळपास एक तास. हा तास समजला तर पुढचं सगळं समजतं.

वेल्डिंगची ठिणगी म्हणजे वितळलेल्या लोखंडाचा बारीक थेंब. उडतो तेव्हा त्याचं तापमान १,५०० अंश सेल्सिअसच्या आसपास असतं. पण थेंब इतका लहान की त्यात एकूण उष्णता थोडीच. म्हणून हातावर पडला तर चटका बसतो, हात जळत नाही. मोकळ्या फरशीवर पडला तर काही क्षणांत विझतो, कारण उष्णता चहूबाजूंनी निघून जाते. तोच थेंब जर अशा खाचेत जाऊन बसला की जिथून उष्णतेला बाहेर पडायला वाट नाही, आणि आजूबाजूला कोरडा, भुसभुशीत, हलका माल आहे, तर तेवढीशी उष्णताही पुरते.

पुठ्ठ्याचं खोकं नेमकं असंच असतं. त्याची कड डोळ्यांजवळ धरून पाहा. दोन सपाट कागद आणि मध्ये नागमोडी कागद, त्यामुळे कडेला बारीक बारीक नळ्यांची रांग दिसते. सपाट घडी केलेल्या गठ्ठ्यात अशा शेकडो नळ्या उघड्या तोंडाने बाहेर डोकावत असतात. थेंब त्या तोंडात शिरला की आत अडकतो. नळीतून थोडीशीच हवा मिळते. ज्वाळा उठायला ती पुरेशी नसते, पण कागद आतल्या आत काळा पडत जायला पुरते. याला धुमसणं म्हणतात.

धुमसणं गावातल्या माणसाला वेगळं शिकवायची गरज नाही. चुलीतला गोवरीचा विस्तव रात्री राखेखाली झाकून ठेवतात, सकाळी राख बाजूला करून फुंकर मारली की पऱ्हाटी पेटते. रात्रभर तिथे ज्वाळाही नव्हती आणि धूरही नावालाच होता, पण आग जिवंत होती. गठ्ठ्यात हेच घडतं. फरक इतकाच की चुलीत आपण विस्तव मुद्दाम ठेवतो, आणि इथे तो कुणी ठेवला हे कुणालाच माहीत नसतं.

यात आपल्याकडचा मे महिना भर घालतो. पुठ्ठा हवेतला ओलावा शोषतो. पावसाळ्यात खोकं नरम लागतं ते त्यामुळेच. असा ओला पुठ्ठा पेटायच्या आधी त्यातलं पाणी वाफ होऊन जावं लागतं, आणि लहान थेंबाची बरीचशी उष्णता त्यातच खर्च होते. उन्हाळ्यात, पारा पंचेचाळीसच्या आसपास असताना, टिनाच्या शेडमध्ये महिनाभर पडलेला पुठ्ठा हातात घेतला की कडकडतो. वाफ करायला पाणीच उरलेलं नसतं. जे वेल्डिंग ऑगस्टमध्ये त्याच जागी निभावून गेलं असतं, ते मेमध्ये निभावत नाही.

आता अंतराचं पाहू. तेरा-चौदा फूट लांब, मग ठिणगी पोचली कशी? वेल्डिंगच्या जागेपासून ३५ फूट, म्हणजे साधारण ११ मीटर, या घेरात जळणारा माल नसावा हा जगभर मानला जाणारा दंडक आहे. आपल्याकडे वेल्डिंग-कटिंगच्या वेळच्या आगीच्या खबरदारीसाठी आयएस ३०१६ हे भारतीय मानक आहे. पस्तीस फुटांचा आकडा पहिल्यांदा ऐकणाऱ्याला जास्त वाटतो. पण थेंब सरळ खाली पडून थांबत नाही. उंचावरून पडला की फरशीवर आपटतो, फुटतो, उसळतो आणि गोल असल्याने घरंगळत जातो. दहा फुटांवरचं काम जमिनीवरच्या कामापेक्षा बरंच लांबवर ठिणग्या फेकतं. ग्राइंडर तर फवारा सोडावा तसा एकाच दिशेने मारतो, आणि गॅस कटरमधून पडणारं वितळलेलं लोखंड वेल्डिंगच्या ठिणग्यांपेक्षा कितीतरी जास्त असतं.

आता हे अंतर आपल्या शेडला लावून बघा. वीस बाय चाळीसच्या शेडमध्ये मधोमध उभं राहिलं तर सगळ्यात लांबचा कोपरा जेमतेम बावीस फुटांवर. एका कोपऱ्यातून तिरकं समोरच्या कोपऱ्यापर्यंत मोजलं तरी पंचेचाळीसच्या आत. याचा सरळ अर्थ असा की अशा शेडमध्ये माल "जरा बाजूला" करून भागत नाही. तो शटरच्या बाहेर न्यावा लागतो, नाहीतर नीट झाकावा लागतो.

झाकण्याबद्दल मला जरा थांबून बोलायचं आहे, कारण या घटनेत चूक तिथे झाली आणि ती प्रामाणिक काळजीतून झाली. निळी ताडपत्री प्लास्टिकची असते. गरम थेंब पडला की तिला भोक पडतं आणि थेंब खाली जातो. दुसऱ्या दिवशी जळायच्या राहिलेल्या तुकड्यावर मला ज्वारीच्या दाण्याएवढी भोकं दिसली, कडा वितळून गोल झालेल्या. म्हणजे ताडपत्रीने ठिणग्या अडवल्या नाहीत, उलट खाली काय चाललंय ते डोळ्यांआड केलं. झाकायला वेल्डिंग ब्लँकेट मिळतं, काचेच्या धाग्याचं, ते उत्तम. ते नसेल तर जीआयचे पत्रे. पण पत्रा उभा करताना खाली फट राहते, आणि घरंगळणारा थेंब नेमका त्याच फटीतून जातो. म्हणून खालच्या कडेला ओली माती किंवा वाळू लावून ती बुजवायची. ओला बारदानाही चालतो, पण मेच्या दुपारी तो बघता बघता सुकतो, आणि सुकलेला बारदाना स्वतःच पेटतो. तो वापरायचा असेल तर दर काही मिनिटांनी पाणी मारायला माणूस हवा. आणि पाणी मालाच्या बाजूला, वेल्डरच्या पायाखाली नाही. ओल्या फरशीवर उभं राहून होल्डर हाताळणं म्हणजे शॉकला बोलावणं.

आता पहाऱ्याकडे येऊ. मोठ्या कारखान्यांत याला फायर वॉच म्हणतात. आपल्या लहान वर्कशॉपमध्ये लोकांना वाटतं की मदतनीस पोरगा असतोच, तो पाहील. पण तो पोरगा शिडी धरतो, रॉड देतो, स्लॅग झाडतो आणि आर्कचा उजेड टाळायला मान फिरवून उभा असतो. तो पहारा देऊ शकत नाही. पहाऱ्याच्या माणसाला दुसरं कुठलंही काम नसावं. त्याने वेल्डिंगकडे नाही, ठिणग्या जिथे पडतात तिकडे पाहायचं. हाताशी पाण्याने भरलेल्या दोन बादल्या आणि तपासलेलं अग्निशामक असावं. आणि "थांबा" म्हणायचा अधिकार असावा. शेवटचं जरा अवघड जातं, कारण बहुतेक वेळा पहाऱ्याला सगळ्यात लहान माणूस बसवतात आणि मोठ्या कारागिराला थांब म्हणायची त्याची छाती होत नाही. मालकाने काम सुरू व्हायच्या आधी सगळ्यांसमोर सांगून टाकावं की हा म्हणाला थांब, तर होल्डर खाली.

टिनाच्या भिंतीवर वेल्डिंग असेल तर दुसरा माणूस भिंतीच्या पलीकडे लागतो. पत्र्यातून उष्णता पार जाते आणि पलीकडे कुणी कुटार किंवा तुरीच्या काड्या टेकवून ठेवलेल्या असतील, तर आग आपल्या शेडमध्ये दिसण्याआधी तिकडे लागते.

काम संपल्यावर पहारा किती वेळ? पूर्वी अर्धा तास पुरे मानत. अमेरिकेतल्या एनएफपीए ५१बी या मानकात २०१९ च्या आवृत्तीत तो वाढवून एक तास केला. आमच्या घटनेत अर्ध्या तासाचा पहारा असता तर तो सव्वाला उठून गेला असता, धुराच्या अर्धा तास आधी. पुठ्ठा, कापूस, बारदाना, लाकडाचा भुसा असा धुमसणारा माल जवळ असेल तर पूर्ण तास बसावंच, आणि त्यानंतरही दोन-तीन तास अधूनमधून चक्कर मारावी. मी तर म्हणतो, वेल्डिंगचं काम जेवणाच्या सुट्टीला किंवा दुकान बंद करायच्या वेळेला टेकेल असं घेऊच नये. सकाळी घ्यावं, म्हणजे पुढचे दोन-तीन तास माणसं तिथेच वावरत असतात.

त्या तासात बसून काय करायचं? नुसतं पाहणं पुरत नाही, कारण धुमसणारी आग दिसत नाही. नाक वापरायचं. जळक्या कागदाचा वास वेल्डिंगच्या धुराच्या वासापेक्षा वेगळा असतो, गोडसर आणि घशात लागणारा. हात वापरायचा, पण तळवा नाही, मागची बाजू, कारण तिला ऊब लवकर कळते आणि चटका बसलाच तर हात कामाचा राहतो. गठ्ठ्याच्या कडेवरून, मागच्या फटीतून, खालच्या थराजवळून हात फिरवायचा. वरचे दोन-चार गठ्ठे उचलून मधे पाहायचं. तपकिरी डाग, काळी बारीक रेघ, कुठे नेहमीपेक्षा ऊब, यातलं काहीही दिसलं तर तो गठ्ठा बाहेर उन्हात नेऊन फोडायचा आणि भिजवायचा. चुकीचा संशय निघाला तर पंचवीस खोकी वाया जातील, एवढंच.

आता त्या दुपारचा पुढचा भाग. वर्कशॉपवाल्याच्या पुतण्याने धावत येऊन शटर झर्कन वर केलं. आत धूर कोंडलेला होता आणि ज्वाळा फारशी नव्हती. शटर उघडताच ताजी हवा आत शिरली आणि मिनिटभरात कमरेएवढी ज्वाळा उठली. राख सरकवून फुंकर मारावी तसं झालं. अशा वेळी आधी शटरला हाताची मागची बाजू लावून पाहावी. गरम लागलं तर उघडू नये, १०१ किंवा ११२ ला फोन करून बाहेरच थांबावं. गार असेल तरी बाजूला उभं राहून थोडंसंच उघडावं आणि अग्निशामक हातात घेऊनच उघडावं.

भिंतीवर दोन अग्निशामकं होती, सहा-सहा किलोची, एबीसी पावडरची. पहिलं दाबलं तर नुसती फुस्स. त्याचा काटा लाल पट्ट्यात होता. चौकशी केल्यावर कळलं की दिवाळीत कुणीतरी "चालते का पाहू" म्हणून अर्धा सेकंद दाबून पाहिलं होतं. यात एक बारीक गोष्ट आहे जी फार कमी लोकांना माहीत असते. पावडरचं अग्निशामक एकदा जरी दाबलं, तरी थोडी पावडर वाल्व्हच्या बसण्याच्या जागेवर अडकते आणि वाल्व्ह पुरता बंद होत नाही. मग आतला दाब हळूहळू निघून जातो. बाहेरून सिलिंडर तसाच लाल, तसाच भरलेला दिसतो. म्हणून चाचणी म्हणून कधी दाबायचं नाही, आणि अर्धा सेकंद जरी वापरलं तरी पुन्हा भरून घ्यायचं. महिन्यातून एकदा काटा हिरव्यात आहे का ते पाहायचं, पिनेचं सील आणि नळी पाहायची.

दुसरं चाललं. पण पुतण्याने ते शटरपाशी उभं राहून दाबलं, आगीपासून पंचवीस फुटांवरून. सहा किलोचं अग्निशामक जेमतेम पंधरा-वीस सेकंद चालतं. त्यातली निम्मी पावडर मधल्या हवेतच पांढरा ढग होऊन गेली आणि समोरचं दिसेनासं झालं. करायचं असं असतं: पाठ दाराकडे, म्हणजे परतीची वाट मोकळी. पिन काढायची, दोन-तीन मीटरपर्यंत जवळ जायचं, नळीचं तोंड ज्वाळेच्या टोकावर नाही तर बुडाशी धरायचं, दाबायचं आणि झाडू मारल्यासारखं डावीकडून उजवीकडे फिरवायचं. ज्वाळा डोक्याच्या वर गेली असेल, किंवा छताखालचा धूर खाली उतरून तोंडापर्यंत आला असेल, तर एकट्याने अग्निशामक घेऊन आत जायची वेळ निघून गेलेली असते. पुठ्ठ्याच्या धुमसण्यातून कार्बन मोनॉक्साइड बरंच निघतं. त्याला वास नसतो आणि माणूस खोकायच्या आधीच पाय गाळतो.

उरलेल्या पावडरने ज्वाळा मात्र बसली, आणि सगळ्यांनी निःश्वास सोडला. चार-पाच मिनिटांत तोच ढीग पुन्हा पेटला.

सगळ्यात जास्त गैरसमज इथेच आहे. एबीसी पावडर ज्वाळा झटकन तोडते आणि जळत्या पृष्ठभागावर वितळून एक थर धरते. उघड्यावर पडलेल्या चार खोक्यांना ते पुरतं. पण पावडर थंड करत नाही आणि पाच फूट उंच, घट्ट रचलेल्या ढिगाच्या आत पोचत नाही. आतला विस्तव तसाच राहतो आणि हवा मिळाली की परत येतो. पुठ्ठ्याच्या आगीचा शेवट पाण्यानेच होतो. पावडर ही पाणी आणायला मिळालेली सवड आहे असं समजावं. ज्वाळा बसली की लगेच, त्याच मिनिटाला, पाणी.

आणि पाण्यानेच घात केला. कुणीतरी शहाणपणाने मेन स्विच बंद केला होता, ते बरोबरच होतं, चालू विजेवर पाणी मारता येत नाही. पण बोअरची मोटर त्याच मेनवर होती. नळी हातात, आणि नळीत पाणी नाही! शेवटी शेजारच्या बागायतदाराने फवारणीचा ट्रॅक्टर आणला. सहाशे लिटरची टाकी, पंप ट्रॅक्टरच्या इंजिनावर चालणारा, लांब नळी आणि गन. त्याला विजेची गरज नव्हती. वीस मिनिटांत ढीग काबूत आला. संत्रापट्ट्यात प्रत्येक गावात असे ट्रॅक्टर असतात. तुमच्या जवळचा कुणाचा, त्याचा नंबर काय, टाकी भरलेली असते का, हे आजच विचारून ठेवता येतं. एक काळजी घ्यावी, टाकीत औषध कालवलेलं नसावं. आणि शेडमध्ये दोनशे लिटरचा एक ड्रम पाण्याने भरलेला, बादलीसह, वर्षभर असावा. बादलीत चिमूटभर कपड्याची पावडर टाकली की पाणी पुठ्ठ्यावरून ओघळून न जाता आत मुरतं.

कटिंगचं ऑक्सिजन आणि गॅसचं सिलिंडर समोरच्या भिंतीला होतं, झळ पोचायच्या आत ते बाहेर काढलं. सिलिंडर तापलं असतं तर त्याला हात लावायचा नव्हता. तेव्हा माणसं लांब न्यायची आणि आल्यावर पहिलं वाक्य म्हणून बंबवाल्यांना तेच सांगायचं. तालुक्याहून बंब आला तोवर ज्वाळा नव्हती, तरी त्यांनी सगळे गठ्ठे बाहेर ओढायला लावले आणि एकेक फोडून भिजवला. सहा गठ्ठे वरून शाबूत दिसत होते, आत लालबुंद निघाले.

सकाळी मी गेलो तेव्हा सुरुवात कुठून झाली हे आधी पाहिलं. ढिगाची पुढची बाजू वरून जळाली होती. मागची, भिंतीकडची, अगदी खालपर्यंत राख झाली होती. ढीग आणि टिनाच्या भिंतीमध्ये चार इंचांची फट होती. भिंतीवरचा रंग फटीच्या तळापासून वर पसरत गेलेल्या पंख्याच्या आकारात उडाला होता, आणि पंख्याचं टोक खाली, कोपऱ्यात. आग जिथून सुरू होते तिथे ती सगळ्यात जास्त वेळ असते, म्हणून सगळ्यात खोल तिथेच जळतं. चुंबक फिरवल्यावर राखेत लोखंडाचे गोल मणी मिळाले. पण एवढ्यावरून निकाल देता येत नाही, वर्कशॉपच्या फरशीवर असे मणी कुठेही मिळतात. मला पटलं ते एका अर्धवट जळालेल्या गठ्ठ्यामुळे. त्याच्या कडेच्या एका नळीत, दोन इंच आत, मोहरीएवढा मणी रुतून बसला होता आणि त्याच्याभोवती काळं वर्तुळ होतं. नळीचं तोंड भिंतीकडे होतं. म्हणजे ताडपत्री पुढून आणि वरून होती, आणि ठिणगी मागच्या फटीतून शिरली.

नुकसान मोजताना मालक राखेकडेच पाहत होता. "पाचशे खोकी गेली सर." मी त्याला वर पाहायला सांगितलं. छताजवळून गेलेला वायरिंगचा पीव्हीसी पाइप मेणबत्तीसारखा लोंबला होता, जमिनीपासून सहा फुटांखालचा मात्र जसाच्या तसा. गरम धूर छताखाली थर करून बसला होता त्याची ती खूण. ढिगाच्या वरच्या पत्र्याचं गॅल्व्हनायझिंग पांढरट होऊन उडालं होतं. तिथेच टांगलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या पट्टीला काही झालं नव्हतं. अ‍ॅल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं, म्हणजे त्या जागी तेवढं तापलं नाही. पण लोखंडाची ताकद सहाशेच्या आसपास निम्म्यावर येते, म्हणून छताच्या अँगलला सुतळी ताणून पाहिली. एक पर्लिन, म्हणजे पत्रे पेलणारा आडवा अँगल, मध्यावर पाऊण इंच खाली आलेला होता. तो बदलायला सांगितला. पावसाळ्याच्या वादळात तोच पहिला गेला असता. वायर बाहेरून चांगली वाटत होती, वाकवली तर आवरणाला तडे गेले. ती सगळी काढायची, तुकडे जोडून चालवायची नाही.

खरं मोठं नुकसान मात्र कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. लेथवर, मोटरींवर, वेल्डिंगच्या इन्व्हर्टर मशीनवर पीठ चाळावं तशी पावडर बसली होती. एबीसी पावडरमध्ये मोनोअमोनियम फॉस्फेट असतं. कोरडं असेपर्यंत ते निरुपद्रवी वाटतं, ओल लागली की आम्लधर्मी होऊन लोखंड खातं. त्यात पीव्हीसी जळाल्याने निघालेला धूर, तोही पाण्यात मिसळून आम्लच. आणि शेडमध्ये आदल्या दिवशी पाणी मारलेलं होतं. मी गेलो तेव्हा पोरगा पाण्याची नळी घेऊन लेथ धुवायला निघाला होता. त्याला थांबवलं. आधी कोरडंच काढायचं, व्हॅक्यूमने किंवा मऊ ब्रशने, मग ओलसर फडक्याने पुसायचं, लगेच सुकवायचं आणि उघड्या लोखंडावर तेलाचा हात फिरवायचा. हे दोन दिवसांत व्हायला हवं. इन्व्हर्टर आणि मोटरी चालू करून पाहायच्या नाहीत. मशीनचा पंखा ती पावडर आत ओढतो आणि बोर्डवर बसवतो. उघडून, साफ करून, इलेक्ट्रिशियनकडून मेगर नावाच्या मीटरने इन्सुलेशन तपासून मगच करंट द्यायचा. विमा असेल तर हे सगळं करायच्या आधी फोटो काढून कंपनीला कळवायचं. इथे विमा फक्त शेडचा होता, भावाच्या खोक्यांचा नव्हता.

तीन आठवड्यांनी त्याचा फोन आला. लेथच्या बेडवर सगळीकडे तेल लावलं होतं, पण काम पकडणाऱ्या चकच्या मागे हात पोचला नव्हता, तिथे गंजाची तांबूस रेघ उमटली होती. चक काढून घासायला दिवस गेला.

उरलेले दोन ब्रॅकेट अजून लागायचे होते. त्याने विचारलं, आता पहारा कसा बसवू. मी विचारलं, तिथे वर वेल्डिंग करायलाच हवं का? ब्रॅकेट अंगणात, मोकळ्या जमिनीवर तयार केले, अँगलला ड्रिलने भोकं पाडली आणि दहा एमएमचे बोल्ट मारले. अर्ध्या तासाचं काम. फॅन त्याच संध्याकाळी सुरू झाला.